फ्रीज घ्या, व्याज विसरा

फ्रीज घ्यायचाय ना? मग एक काम अजिबात करू नका, दुकानात शिरल्या शिरल्या "रोख दिले तर शेवटचा भाव काय?" असं विचारू नका. समजा पाटीवर ४०,००० आहे आणि सेल्समन चुकून म्हणालाच की "कॅशमध्ये ३७,५०० ला देतो साहेब", तर कानात बोटं घाला आणि थेट विचारा, नो कॉस्ट इएमआय आहे का? आहेच. बारा महिने, ३,३३३ चा हप्ता, व्याज झीरो. अडीच हजाराची सूट मात्र त्या स्कीमला लागू नसते, पण एवढ्या आनंदात ते कोण बघतंय.

आता आत काय होतं ते कळलं तर मजा जाईल, तरी सांगतो. बँक काही फुकट पैसे देत नाही. क्रेडिट कार्डवर १५ टक्के धरा, तर बँक तुमच्या नावावर साधारण ३६,९३१ चंच कर्ज लावते आणि उरलेले ३,०६९ व्याज म्हणून त्याच हप्त्यांतून घेते. बिलावर तेवढीच रक्कम "इएमआय डिस्काउंट" म्हणून वजा दिसते. म्हणजे रोखवाल्याला मिळणाऱ्या सुटीच्या आसपासचीच रक्कम तुमच्याकडून व्याज म्हणून जाते, आणि वर तुम्हीच दुकानदाराला थँक्यू म्हणता.

आणि हो, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो डिस्काउंटमध्ये धरलेला नसतो, म्हणजे ५५२ गेले. प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावरही जीएसटी, धरा २३५. हे दुकानात कोणी बोलत नाही, स्टेटमेंटमध्ये बारीक अक्षरात येतं, तेव्हा स्टेटमेंट उघडायचंच नाही. एकूण ४०,७८७. रोखीपेक्षा ३,२८७ जास्त, म्हणजे हिशोबाने वर्षाला १६ टक्क्यांच्या आसपासचं कर्ज, पण पाटीवर झीरो लिहिलंय ना, मग झीरोच!

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना कळवलं होतं की झीरो टक्के व्याज असं काही नसतंच, ते बऱ्याचदा प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. पण तुम्ही आरबीआयचं ऐकणार की टाय लावलेल्या पोराचं?

कधीकधी खरंच स्वस्त पडतं, म्हणजे रोखीलाही तोच भाव असेल, कंपनी स्वतः व्याज भरत असेल आणि फी किरकोळ असेल तर. पण ते कळायला तोच नको तो प्रश्न विचारावा लागतो, शिवाय बिल दोन्ही प्रकारे लिहून मागावं लागतं, आणि मागे लाइनीत उभे असलेले लोक काय म्हणतील!

मधेच बोनस आला आणि उरलेले हप्ते एकदम फेडायची दुर्बुद्धी सुचली, तर जरूर बँकेला फोन करा. फोरक्लोजर चार्ज किती आणि त्यावर जीएसटी किती, ते तिथली ताई फार गोड आवाजात सांगते.