‘गप्प बसा, नोटीस आपोआप रद्द होते’ म्हणे!

“आयकर खात्याकडून ‘उत्पन्न जुळत नाही’ अशी नोटीस आली तर घाबरू नका!! 1) ही नोटीस कॉम्प्युटर काढतो, साहेबांची सही नसते, उत्तर देणे बंधनकारक नाही. मुदत संपली की आपोआप रद्द होते. 2) बँकेने टीडीएस कापला म्हणजे त्या व्याजावरचा कर भरून झाला, पुन्हा दाखवायची गरज नाही. 3) एआयएसमधले आकडे चुकीचे असतात, मानू नका. 4) उत्तर दिलेच तर सर्व पासबुके व एफडीच्या पावत्या जोडा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज माझ्या आत्याला तिच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आला, आणि तो वाचून ती आठवडाभर निवांत होती. नोटीस 4 नोव्हेंबर 2025 ची. मला फोन केला तेव्हा पंधरापैकी आठ दिवस गेले होते. “अगं, आपोआप जाणारच आहे, तरी म्हटलं तुला सांगून ठेवावं.” मी एका कर सल्लागाराकडे कारकुनी करते. रोज अशा नोटिसा बघते, त्यामुळे डोकं तापलं.

पहिल्या मुद्द्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण मुदत संपली की खरंच काहीतरी आपोआप होतं. फक्त रद्द होते ती नोटीस नाही, तुमचं रिटर्न. आत्याची नोटीस 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 139(9) खालची होती, म्हणजे रिटर्न सदोष असल्याची. त्या कलमातच लिहिलंय की दोष कळवल्यापासून 15 दिवसांत, किंवा अर्ज करून मिळालेल्या वाढीव मुदतीत, तो दुरुस्त केला नाही तर रिटर्न अवैध धरलं जाईल. म्हणजे तुम्ही ते भरलंच नव्हतं, असा हिशेब. सही नसल्याने काही बिघडत नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असावा लागतो. आयकर पोर्टलच्या पहिल्याच पानावर `Authenticate Notice/Order Issued by ITD` आहे, लॉगिनही लागत नाही. फसवे मेल येतात हे खरं, पण खरं-खोटं तिथे दोन मिनिटांत कळतं. आत्याची नोटीस खरी निघाली.

आता नोटीस वाचायची कशी. मोठ्या इंग्रजीला घाबरून लोक पहिल्या परिच्छेदातच थांबतात. वर पॅन, करनिर्धारण वर्ष, कलम आणि तारीख बघा. कलमावरून मुदत कळते. कलम 143(1)(a) खाली फेरबदल सुचवणारं पत्र असेल तर 30 दिवस मिळतात, आणि तिथे गप्प बसलात तर सुचवलेला बदल थेट लागू होतो. मग खाली जो तक्ता असतो त्यात दोष काय आणि तो कसा दूर करायचा, हे दोन्ही असतं. आत्याच्या तक्त्याचा मथितार्थ एवढाच होता: टीडीएस परत मागितलाय, पण तो ज्या उत्पन्नावर कापला ते उत्पन्न रिटर्नमध्ये नाही.

इथे दुसरा मुद्दा आपटतो. टीडीएस हा शेवटचा कर नव्हे, कराची आगाऊ उचल आहे. ठेवीच्या व्याजावर बँक 10 टक्के कापते. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उरलेला कर तुमच्याकडून यायचाच आहे. आत्याचं म्हणणं वेगळं होतं. “ठेव 2027 ला संपणार. पैसे हातात आलेच नाहीत, तर दाखवू काय?” पण बँक व्याज दरवर्षी हिशेबात धरते आणि त्यावर टीडीएस कापते. टीडीएस यंदाचा मागायचा आणि व्याज 2027 चं म्हणायचं, हे जुळणार कसं?

तिचे आकडे बघा. 2024-25 चं पेन्शन 4,80,000. एका बँकेतल्या ठेवींचं व्याज 62,400, त्यावर कापलेले 6,240. दुसऱ्या बँकेत 28,500, तिथे काहीच कापलं नाही, कारण ज्येष्ठांसाठी तेव्हाची मर्यादा 50,000 होती. बचत खात्याचं व्याज 3,900. रिटर्नमध्ये फक्त पेन्शन आणि 6,240 चा रिफंड. व्याज मिळवलं की नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन उत्पन्न होतं 4,99,800. त्या वर्षी सात लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्यच! म्हणजे सगळं खरं दाखवूनही 6,240 तिलाच परत मिळणार होते. गप्प बसली असती तर रिटर्न अवैध आणि रिफंड लटकला असता. 31 डिसेंबरपर्यंत तिला उशिराचं रिटर्न भरता आलं असतं, पण 1,000 रुपये शुल्क लागलं असतं. त्यानंतर अद्ययावत रिटर्नवर रिफंड मागता येत नाही, विलंबमाफीचा वेगळा अर्ज करत बसावं लागतं.

तिसऱ्या मुद्द्यात, नाइलाजाने मान्य करते, अर्धं सत्य आहे. एआयएस म्हणजे बँका वगैरे तुमच्याबद्दल खात्याला जे कळवतात त्याचं वार्षिक विवरण. आत्याच्या एआयएसमध्ये 62,400 दोनदा होते. बँक तीच रक्कम टीडीएसच्या विवरणात कळवते आणि व्याजाच्या वार्षिक माहितीतही. बेरीज 1,57,200 बघून तिला घाम फुटला होता. पण म्हणून एआयएस फेकून द्यायचं नसतं. त्या ओळीवर `Information is duplicate / included in other information` असा अभिप्राय नोंदवायचा. शिवाय दुसऱ्या बँकेचे 28,500 तिला आठवतही नव्हते. ते एआयएसनेच सांगितले.

चौथा मुद्दा निव्वळ हमाली आहे. दोष दुरुस्त करून भरलेल्या रिटर्नला कागद जोडायची सोयच नाही. कागद लागतात ते आकडा पक्का करायला, आणि नंतर कोणी विचारलं तर दाखवायला. आत्याच्या बिस्किटांच्या डब्यात सतरा पावत्या होत्या, त्यातली एकही कामाची नव्हती, कारण पावतीवर मुद्दल, दर आणि शेवटची रक्कम असते, वर्षाचं व्याज नसतं. लागलं ते असं: दोन्ही बँकांचे 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 चे व्याजाचे दाखले, पहिल्या बँकेचा फॉर्म 16ए, पेन्शनचा फॉर्म 16, फॉर्म 26एएस, बचतीच्या पासबुकातल्या व्याजाच्या नोंदी आणि मूळ रिटर्नची पोचपावती. एका बँकेत दाखल्यावर चुकून चालू वर्षाचं व्याज छापून दिलं. तारखा काउंटरवरच वाचल्या म्हणून कळलं.

मग पोर्टलवर `Pending Actions`, `e-Proceedings`, तिथे नोटीस उघडून `Agree`. `Disagree` तेव्हाच, जेव्हा दोष खरोखर नसतो. आणि तेव्हा कारण लिहावं लागतं. आम्ही कलम 139(9) निवडून, मूळ पोचपावतीचा क्रमांक, डीआयएन आणि नोटिशीची तारीख टाकून रिटर्न पुन्हा भरलं. व्याज इतर उत्पन्नात, बचतीचं आणि ठेवींचं वेगळं. आधारच्या ओटीपीला आत्याचा फोन सापडेना, त्यात वीस मिनिटं गेली.

17 तारखेला पाठवलं. नवी पोचपावती तिने त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहे, सगळ्यात वर.