वॉकीटॉकीला ब्लूटूथ लावला म्हणजे फोन झाला का?

ग्रुपवर फिरत असलेला मेसेज: "वॉकीटॉकीच्या दोन पिनांत छोटा ब्लूटूथ अडॅप्टर खोचा आणि मोबाईल त्याला पेअर करा. कानात कोणताही इअरबड चालतो. बटण न दाबता फोनसारखं बोला-ऐका. जंगलात नेटवर्क नसलं तरी मोबाईल रेडिओवरून चालतो. लायसन्स लागत नाही. बाईकवाल्यांनी नक्की घ्या!"

आमच्या नागपूरच्या ग्रुपवर हा मेसेज आठवडाभरात तीनदा आला. तिसऱ्यांदा टाकणाऱ्याने वर लिहिलं होतं, "भाऊ, तुम्ही हॅम आहात ना, सांगा बरं, घेऊ का?" हॅम म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारा, म्हणून हे लिहितो आहे. अडॅप्टर ही वस्तू खरी आहे, मी स्वतः वापरतो. मेसेजमधली मांडणी मात्र सुरुवातीलाच घसरते.

ब्लूटूथवर बोलण्याच्या व्यवहारात दोन बाजू असतात. एक फोनची, दुसरी हेडसेटची. हेडसेट फोनशी जुळतो, दुसऱ्या हेडसेटशी नाही, आणि दोन फोनही एकमेकांचे हेडसेट होत नाहीत. दोन पिनांचा जो अडॅप्टर बाजारात सर्रास मिळतो, तो फोनची भूमिका घेतो. तो रेडिओच्या वतीने फोन बनून हेडसेट शोधत असतो. त्यामुळे मोबाईलच्या ब्लूटूथ यादीत तो बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि दिसला तरी आवाज जोडला जात नाही. लोक तासभर बटणं दाबतात आणि माल खराब म्हणून परत पाठवतात. मोबाईलशी बोलायचं असेल तर हेडसेटची भूमिका घेणारा वेगळा अडॅप्टर लागतो, किंवा ज्याच्या आतच ब्लूटूथ आहे आणि ज्याचं स्वतःचं अॅप आहे असा सेट लागतो. विकत घेताना एकच प्रश्न विचारायचा: हा हेडसेटला जोडायचा आहे की मोबाईलला?

हेल्मेटमध्ये बोलायला मोबाईलची गरजच नसते. रेडिओ, अडॅप्टर आणि हेडसेट एवढं पुरतं. मोबाईल उलट आडवा येतो. इअरबड डबीतून काढला की तो आधी ओळखीच्या मोबाईलकडे धावतो आणि इकडे अडॅप्टर त्याला शोधत बसतो. म्हणून पेअर करताना मोबाईलचं ब्लूटूथ बंद ठेवायचं, इअरबडमधली जुनी जोडणी पुसायची आणि मग दोन्ही एकमेकांजवळ धरायचे. शिवाय काही इअरबड गाण्यांपुरते जोडले जातात, त्यांचा माइक अडॅप्टरला मिळतच नाही. तुम्हाला समोरचा ऐकू येतो, तुम्ही मात्र त्याला मुके. कॉल घेता येणारा साधा हेडसेट यापेक्षा भरवशाचा.

आता बटण न दाबता बोलण्याविषयी. इथेच खरी गोम आहे. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलतो. सेट पाठवत असतो तेव्हा ऐकत नाही. कधी पाठवायचं आणि कधी थांबायचं हे कोणीतरी ठरवावंच लागतं. बटण नसेल तर ते काम व्हॉक्सकडे जातं, म्हणजे माइकमध्ये पुरेसा आवाज आला की सेट आपोआप पाठवायला लागतो. घरात खुर्चीवर बसून हे छान चालतं.

मी आणि माझा मित्र, दोघेही लायसन्सधारी, दोन बाईकवर कामठी रस्त्याने रामटेकला निघालो होतो. दोघांच्याही हेल्मेटमध्ये हेडसेट, व्हॉक्स चालू. मनसरजवळ मित्राने विचारलं, "इथून वळू का?" मी म्हणालो, "नको वळू." तो वळला. त्याच्या कानात पडलं होतं फक्त "वळू." आपल्याकडे 'नको' आधी येतं आणि व्हॉक्स नेमका पहिलाच शब्द खातो. माइकने आवाज ओळखायला थोडा वेळ, ब्लूटूथवरून तो अडॅप्टरपर्यंत यायला थोडा, सेट पाठवायला लागेपर्यंत थोडा, आणि टोन, म्हणजे आपल्याच ग्रुपचे सेट ओळखण्याचा ठरलेला सूर, लावला असेल तर तो ओळखून समोरच्या सेटचा स्पीकर उघडेपर्यंत आणखी थोडा. हे सगळं मिळून अर्धा सेकंद सहज जातो, आणि 'नको' म्हणायला तेवढाही लागत नाही.

दुसरा त्रास याच्या उलटा. वेग वाढला की हेल्मेटमधला वारा बोलण्याइतकाच मोठा होतो. व्हॉक्सला दोन्ही सारखेच. सेट पाठवत राहतो, चॅनल अडकून पडतो, आणि ज्याच्यामुळे अडकला त्यालाच ते कळत नाही, कारण पाठवताना त्याला काही ऐकूच येत नसतं. संवेदनशीलता कमी केली तर वारा थांबतो, पण मग बोलायला ओरडावं लागतं. बहुतेक सेटमध्ये वेळमर्यादेची सोय असते. ती 60 सेकंदांवर ठेवली तर अडकलेला सेट निदान मिनिटभराने गप्प होतो.

उपाय जुनाच, बटण. काही अडॅप्टरसोबत हँडलला बांधायचं छोटं ब्लूटूथ बटण येतं. डाव्या अंगठ्याने दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. हात मोकळे राहतात, अंगठा मात्र लागतो. हेडसेटच्या स्वतःच्या बटणावर मी विसंबत नाही. ते बहुधा एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद असं चालतं, आणि दुसरं दाबणं विसरलं की वाऱ्याचीच गोष्ट पुन्हा.

तुमची जोडणी किती खाते हे घरीच मोजता येतं. दुसरा सेट पलीकडच्या खोलीत ठेवा, शेजारी मोबाईलचं रेकॉर्डिंग लावा आणि हेडसेटमधून न थांबता "एक दोन तीन चार" म्हणा. रेकॉर्डिंग "दोन"पासून सुरू झालं तर "नको" गेलाच समजा.

त्याच वेळी सेटच्या लाल दिव्याकडेही बघा. अडॅप्टर खोचल्याबरोबर, काही न बोलता तो पेटून राहिला तर पिना पूर्ण आत गेलेल्या नसण्याचीच शक्यता जास्त. रबरी झाकण आड येतं, ते बाजूला करून दाबून बसवा. आणि कमी पॉवरवर ठीक चालणारा अडॅप्टर जास्त पॉवरवर घरघरायला किंवा मध्येच बंद पडायला लागला, तर सेटचीच लहर त्याच्यात शिरते आहे. अँटेना त्याच्या अंगाला लागूनच असते. कमी पॉवरवर बोला किंवा अँटेना लांब न्या.

नेटवर्कचं दोन वाक्यांत संपतं. अडॅप्टर फक्त आवाज इकडून तिकडे नेतो, मोबाईलला टॉवर देत नाही, त्यामुळे पेंचमध्ये कॉल लागत नव्हता तर लागणार नाहीच. रेडिओचा पल्लाही त्याने वाढत नाही.

राहिलं लायसन्स. ब्लूटूथला लागत नाही हे खरं, पण त्याच्या पलीकडच्या रेडिओला लागतं. 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा हॅमचा पट्टा आहे. त्यावर बोलायला परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचं लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते असलं तरी टूरचा धंदा त्यावर चालवता येत नाही. लायसन्सशिवाय चालणारे सेट वेगळे आहेत. ते 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर, कमी पॉवरचे आणि सरकारी मान्यता असलेले असतात. पाच वॉटचा, कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकता येणारा सेट तुम्ही 446 वर लावला म्हणून तो त्यांच्यात बसत नाही.

तेव्हा भाऊ, तू विचारलंस म्हणून: तुझ्याकडे लायसन्स नाही, म्हणजे आधी 446 चा मान्यताप्राप्त सेट. अडॅप्टर त्यानंतर, आणि तोही हँडलच्या बटणासकट मिळाला तरच.