उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रावरून पावसाळ्यातला रस्ता ओळखता येतो

जून तोंडावर आला की आपल्याकडे भाड्याच्या घरांची शोधाशोध सुरू होते. परभणी, हिंगोली, बीडकडची मंडळी बदलीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला येतात, रणरणत्या उन्हात फ्लॅट पाहतात, अनामत रक्कम देतात आणि अकरा महिन्यांचा करार करतात. त्या दिवशी ज्या रस्त्यावरून गाडी सुरळीत गेलेली असते, तोच रस्ता जुलैत काळ्या मातीचा चिखल झालेला असतो. हे आधीच ओळखता येते असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी लागणारी चित्रे संगणकावर फुकट उपलब्ध आहेत. मी भूगोल शिकवते, त्यामुळे ही चित्रे रोज हाताळते. भाचीसाठी नुकताच एक फ्लॅट असा तपासून पाहिला, त्याचाच तपशील येथे देते.

फ्लॅट बीड बायपासच्या दक्षिणेला, डोंगराच्या बाजूच्या नव्या वस्तीत होता. जाहिरातीत "मुख्य रस्त्यापासून पाच मिनिटे" असे लिहिले होते. प्रथम इमारत नेमकी कोणती, हे निश्चित केले, कारण जाहिरातीसोबतची खूण पुष्कळदा चौकात किंवा शेजारच्या सोसायटीवर लावलेली असते. घरमालकांकडून व्हॉट्सअपवर इमारतीसमोर उभे राहून लोकेशन मागवले आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या व जिन्याची खोली जाहिरातीतल्या छायाचित्रांशी जुळवून पाहिली. उपग्रहाने तिरकस कोनातून टिपलेल्या चित्रात उंच इमारतीचा माथा एका बाजूला कललेला दिसतो, त्यामुळे गच्ची जुळली तरी अंतर मोजताना इमारतीचा पाया धरावा लागतो.

त्यानंतर गूगल अर्थ प्रो उघडले. २०१५ पासून हा प्रोग्राम सर्वांना मोफत मिळतो. त्यात मोजपट्टी आहे आणि घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारली की त्याच जागेची जुनी चित्रे तारखेसह दिसतात. मोजपट्टीने रस्त्याच्या वळणांवरून अंतर मोजले, तेव्हा ते सरळ रेषेतल्या अंतराच्या दुपटीहून अधिक भरले, आणि शेवटचा साधारण चारशे मीटरचा तुकडा डांबरी नसून मुरमाचा असल्याचे दिसले. भाची म्हणाली, "मावशी, पण रस्ता तर किती स्वच्छ, पांढरा दिसतोय!" मी तिला खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला लावली. चित्र मार्चमधले होते.

बहुतेक लोक इथेच फसतात. जून ते सप्टेंबर आपल्या आकाशात ढग असतात आणि साधा उपग्रह ढगांतून जमीन पाहू शकत नाही, म्हणून नकाशांवर येणारी स्वच्छ चित्रे बहुतांशी कोरड्या महिन्यांतली असतात. कोरडा मुरूम वरून पांढरट, गुळगुळीत दिसतो आणि त्याखालची काळी माती दिसतच नाही. पावसाळ्याचे चित्र मिळेल ही आशा सोडून द्यावी आणि चिखलाने मागे ठेवलेल्या खुणा शोधाव्यात. त्या खुणा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चित्रांत सर्वांत स्पष्ट सापडतात, कारण तोवर आकाश निवळलेले असते आणि रस्त्याची डागडुजी बहुधा झालेली नसते.

याच रस्त्याचे नोव्हेंबरातले एक जुने चित्र आम्हाला मिळाले. मार्चमध्ये सुमारे चार मीटर रुंद दिसणारी वाट तिथे एका ठिकाणी नऊ-दहा मीटरपर्यंत पसरली होती आणि तिच्यात दोन-तीन समांतर चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. मधला भाग दलदलीचा झाला की गाड्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून जाऊ लागतात, ती वाटही रुतली की आणखी बाजूला सरकतात. पक्क्या रस्त्यावर अशा फांद्या फुटत नाहीत. त्यामुळे मोकळ्या जागेत फाटे फुटून पुढे पुन्हा एकत्र येणारी वाट दिसली, तर त्या टप्प्यात पावसाळ्यात चाके रुततात असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन.

यानंतर सगळ्यात ताज्या चित्राकडे परतलो आणि माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट दिसली. ज्या प्लॉटमधून गाड्या वळसा घेत होत्या, त्याच्याभोवती आता बारीक सरळ रेषा आणि तिची सावली होती, म्हणजे कंपाउंडची भिंत उभी राहिली होती. यापुढे गाड्यांना बाजूने जायला जागा नव्हती आणि सगळी वाहतूक त्याच चार मीटरच्या चिखलातून होणार होती. "गेल्या पावसाळ्यात काही अडचण आली नाही" असे शेजाऱ्यांनी अगदी खरे सांगितले असते, तरी येत्या पावसाळ्याला ते लागू पडले नसते.

उपग्रहचित्राचा पडताळा जमिनीवरच्या चित्रांनी घ्यावा लागतो. भारतात गूगलचे स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये निवडक शहरांपासून पुन्हा सुरू झाले. याशिवाय लोकांनी स्वतः काढलेली रस्त्यांची चित्रे मॅपिलरीवर असतात. आतल्या कच्च्या वाटेवर चित्रण नसेल, तर जिथे ही वाट डांबरी रस्त्याला मिळते ते तोंड पाहावे. आम्हाला तिथले पावसाळ्यातले एक चित्र मिळाले. वाटेच्या तोंडाशी डांबरावर तपकिरी-काळा चिखल दोन्ही दिशांना लांबवर ओढला गेलेला होता, म्हणजे आतून येणाऱ्या प्रत्येक गाडीची चाके तो घेऊन बाहेर येत होती. कोरड्या महिन्यातल्या चित्रात या खुणा मिळत नाहीत, म्हणून इथेही तारीख आधी पाहावी. त्याच चित्रात कडेच्या घरांसमोर मोठे प्लास्टिकचे ड्रम ओळीने ठेवलेले दिसले, त्यावरून नळाचे पाणी पुरेसे नसून टँकर येत असावा असा अंदाज बांधला. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन दहा टन असते. रुतणाऱ्या वाटेवर टँकर येईनासा झाला, तर प्रश्न केवळ चपला भरण्यापुरता राहत नाही.

नाल्याचा विचारही करावा लागतो. वरून नाला बहुधा बाभळींच्या वेड्यावाकड्या हिरव्या ओळीने ओळखू येतो. ती ओळ रस्त्याला जिथे छेदते तिथे कठड्यांच्या दोन सावल्या दिसल्या तर पूल आहे. काहीच दिसले नाही तर फरशी पूल किंवा नुसती नळ्यांची मोरी असू शकते, आणि डोंगराकडचे पाणी वेगाने उतरत असल्याने तिथे प्रत्यक्ष जाऊन पाहिलेच पाहिजे. गूगल अर्थमधल्या उंचीच्या आकड्यांवर मात्र इथे विसंबू नये, कारण एक-दोन मीटरचा खोलगटपणा त्यांच्यात भरवशाने दिसत नाही.

चित्रावरून रस्ता दिसतो, पण तो कोणाच्या जमिनीतून जातो हे कळत नाही. त्यासाठी राज्य शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गट क्रमांकाचा नकाशा पाहिला, तेव्हा आमची वाट काही अंतर एका गटाच्या आतून जाताना दिसली. भाचीने मालकांना फोन करून शांतपणे दोनच प्रश्न विचारले: हा तुकडा सार्वजनिक रस्ता म्हणून नोंदलेला आहे का, आणि भिंत झाल्यापासून पावसात टँकर कोणत्या बाजूने येतो? पहिल्याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. दुसऱ्यावर ते म्हणाले, "ताई, दरवर्षी आम्ही वर्गणी काढून मुरूम टाकतो, यंदाही टाकू." त्यांनी खरे ते सांगितले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. भाचीने तो फ्लॅट घेतला नाही. महिना पंधराशे रुपये जास्त देऊन तिने बायपासच्या अलीकडचा फ्लॅट घेतला, आणि त्याच्याही रस्त्याची नोव्हेंबरातली चित्रे आम्ही अनामत देण्याआधी पाहून घेतली.