वाजंत्री कुठं थांबवायची

आमच्याकडं वरात मयतीच्या घरासमोरून निघाली की वाजंत्री गप्प होते. वरात थांबत नाही, नवरदेव घोड्यावरून उतरत नाही. तेवढं अंतर बँड मुका चालतो अन् पुढच्या चौकात पुन्हा सुरू होतो. बँडवाल्याला पैसे वाजवायचेच मिळतात, म्हणून त्याचं न वाजवणं त्या घरच्यांच्या बरोबर ध्यानात येतं.

दुकानाच्या फेसबुक पेजचंही तसंच आहे, हे मला चुकून कळलं.

१४ फेब्रुवारी २०१९. आमच्या तालुक्याच्या गावी एका कापड दुकानाचं पेज मी सांभाळत होतो. व्हॅलेंटाइनची लाल बदामवाली ऑफर आदल्या दिवशीच संध्याकाळी सातची वेळ लावून ठेवली होती. दुपारी पुलवामा झालं. सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोघं आपल्या बुलडाणा जिल्ह्यातले. मी टीव्हीसमोर सुन्न बसलो अन् सात वाजता पोस्ट आपोआप पडली. खाली पहिली कमेंट: "घरात मयत पडली अन् तुम्ही पेढे वाटून राह्यले का?"

पोस्ट काढली. मग घाईत काळी पाटी टाकली, श्रद्धांजलीची, पण दुकानाचं नाव मोठं अन् खाली मोबाइल नंबर. मालकाचे वडील म्हणाले, "हे कोनाच्या नावाची पाटी व्हय? आपल्या का त्यायच्या?" तीही काढली.

एवढं करूनही गप्प झालो नव्हतो. लग्नाच्या बस्त्याची पैसे भरलेली जाहिरात वेगळी चालूच होती. पेजवर नवं काही टाकलं नाही म्हणून ती थांबत नाही, तिला जाहिरातींच्या पानावर जाऊन बंद करावं लागतं. अन् मेसेंजरवर कोणी रागानं लिहिलं, की आपोआप उत्तर जायचं: "धन्यवाद! लवकरच भेटू!" म्हणजे वरातीत ढोल थांबला, पण सनई वाजतच होती.

गप्प राहणं म्हणजे दुकानाला कुलूप नव्हे. पहलगामच्या दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिल २०२५ ला, हैदराबादेत आयपीएलचा सामना झालाच. पण चीअरलीडर नाहीत, फटाके नाहीत, खेळाडूंच्या दंडाला काळ्या फिती. खेळ झाला, जल्लोष झाला नाही. आपल्याकडंही भाव अन् वेळ विचारणाऱ्याला साधं उत्तर द्यावंच, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

मात्र ज्याच्या हातून किंवा ज्याच्या दारात घडलं, त्याला गप्प बसायची सवलत नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान पडलं तेव्हा एअर इंडियानं आपलं चिन्ह काळं केलं, ते ठीकच. पण नुसतं तेवढ्यावर भागलं नसतं. तिथं माणसं आपल्या माणसांची खबर विचारत होती. कंपनीला हेल्पलाइन द्यावीच लागली. तिथं गप्प बसणं म्हणजे तोंड लपवणं.

पुलवामाच्या वेळी आम्ही तीन दिवस काही टाकलं नाही. चौथ्या दिवशी सुरुवात कशानं करायची यावरून मालकाशी वाद झाला. त्यांना सेल हवा होता. शेवटी साध्या सुती लुगड्यांचा एक फोटो टाकला, भाव लिहून, बाकी काही नाही.