इतिवृत्तात नाव कुणाचं?

«मावशी, मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं की मधेच तोडतात. तेच दहा मिनिटांनी सर बोलले की सगळे माना डोलावतात. मोठ्यानं बोलायला शिकू का?» – भाची, वेर्णा

नको. हा सल्ला तुला घरात सगळ्यांनी देऊन झालाय, म्हणून मी इकडे आयर्लंडमध्ये, कॉर्कला बसून वेगळं सांगते. तुझ्या आजीला तर वाटलं की मीटिंग ऑनलाइन आहे. «माईक बदलून घे गो» म्हणाली. भावोजींचं म्हणणं असं की फोंड्यात दोन माणसं एकाच वेळी बोलल्याशिवाय गप्पा रंगतच नाहीत, त्यात बाई-पुरुष कसलं? त्यांचं अर्धं बरोबर आहे. आपल्याकडे मधे बोलण्यात आपुलकीही असते. पण मधे बोलून झाल्यावर विषय मूळ माणसाकडे परत येतो का, तेवढं पाहायचं. आला तर गप्पा, नाही आला तर हिसकावणं.

मोठ्यानं बोलून काय होतं याचा मोठा दाखला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथल्या सुनावण्यांचा एक अभ्यास 2017 मध्ये आला. 2015 च्या सत्रात न्यायमूर्तींना मधे तोडण्याचे जे प्रसंग घडले, त्यांतले जवळपास दोन तृतीयांश तीन स्त्री न्यायमूर्तींच्या वाट्याला आले होते. बाक नऊ जणांचा. तोडणाऱ्यांत सहकारी होते आणि वकीलही. या स्त्रियांनी कालांतराने ‘माफ करा’, ‘विचारू का’ अशी सुरुवात सोडून थेट प्रश्न विचारायला घेतले, तरी तोडणं थांबलं नाही. बदलावी लागली ती पद्धत. 2021 पासून मोकळ्या प्रश्नोत्तरांनंतर प्रत्येक न्यायमूर्तीला ज्येष्ठतेप्रमाणे आपली पाळी मिळते. त्या बदलामागे असे अभ्यासही होते, हे त्या तिघींपैकी न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी स्वतः सांगितलं. त्या पदावरच्या बाईला नुसता ठामपणा पुरला नाही, तर तू औषध कारखान्यात गोळ्या दाबण्याच्या, कंप्रेशन विभागातली ज्युनियर ऑफिसर.

आता तुझंच प्रकरण घेऊ. गोळ्यांची टोपी उडत होती, म्हणजे वरचा थर सुटत होता. प्रॉडक्शन मॅनेजर मशीनचा वेग कमी करा म्हणत होते. तू म्हणालीस, आधीच्या शिफ्टला ड्रायर जास्त वेळ चालला, दाणे कोरडे पडले असतील, ओलावा परत तपासूया. वाक्य संपायच्या आत एकानं गोळी दाबणाऱ्या पंचच्या धारेचा विषय काढला. पुढे क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या सरांनी ओलाव्याचा मुद्दा मांडला, तपासणीत तो मर्यादेच्या खाली निघाला, आणि इतिवृत्तात ‘क्यूएने सुचवले’ असं उतरलं. सरांनी चोरी केली असं मी म्हणत नाही. तुझं अर्धं वाक्य कानात राहिलं आणि नंतर ते स्वतःचं वाटलं, असंही होतं. म्हणून मला स्वभावापेक्षा त्या कागदाची काळजी जास्त. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात तोच उघडतात.

इथे तीन माणसांना काम आहे. अध्यक्षानं पंचचा विषय निघताच म्हणायचं, «थांब, तिचं ड्रायरचं अपुरं राहिलं.» शेजारच्या सहकाऱ्यानं, तो पुरुष असला तर उत्तम, सरांच्या बोलण्यानंतर लगेच म्हणायचं, «हो, हिनं मघाशी हेच सांगितलं. किती वेळ चालला होता गो ड्रायर?» प्रश्न जोडला की बोलणं तुझ्याकडे परत येतं, नुसतं «हिचा मुद्दा चांगला» म्हटलं तर तिथेच संपतं. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या स्त्रिया एकमेकींचे मुद्दे असेच नाव घेऊन पुन्हा मांडत. त्या अनेक होत्या, तू खोलीत एकटी आहेस. म्हणून ही गोष्ट आधी एखाद्याशी बोलून ठरवावी लागेल. तिसरा माणूस इतिवृत्त लिहिणारा. त्यानं मुद्दा पहिल्यांदा कुणी मांडला ते लिहायचं, शेवटी कुणी उचलला ते नव्हे.

यात दोन अडचणी आहेत. डेव्हिएशनच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं काही घडल्याच्या चौकशीत नाव लिहायला लोक घाबरतात, कारण नाव म्हणजे दोष असं वाटतं. ते चूकही नाही. म्हणून चौकशी अहवालात नाव नको, बैठकीच्या टिपणात हवं. दुसरी अडचण मी इथेही पाहते: जिनं सुचवलं तिच्याच गळ्यात तपासणी, नमुने, पाठपुरावा. श्रेय म्हणून काम मिळतं आणि निकाल सादर करायला दुसरा उभा राहतो. तेव्हा काम देतानाच विचारायचं, «निकाल मीच मांडणार ना?»

इथे सगळं सुरळीत असेल असं भावोजींना वाटतं. इथले लोक मधे तोडत नाहीत. शांतपणे ऐकून घेतात, आभार मानतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मुद्दा तितकाच हरवतो, फक्त तक्रार करायला जागा राहत नाही. या बाबतीत मला वेर्णा सोपं वाटतं, निदान तोडलं ते सगळ्यांना दिसतं.

पण अध्यक्षच तोडणारा असेल तर? तुझे मॅनेजर तसेच आहेत असं तू लिहिलंस. मग बैठकीआधी सगळ्यांना चार ओळींचा मेल: ड्रायर किती वेळ चालला, ओलावा किती, काय तपासायचं. वेळेसकट नोंद राहते. त्यानं तोडणं थांबणार नाही, आणि ‘ही आधीच मेल करते’ अशी कुरकुरही होईल. ती कुरकुर परवडेल का, हे मला इथून नाही सांगता येत.