अडीच घरांचा राजा

निवृत्तीनंतर मी सांगलीला आलो. पहिल्याच आठवड्यात आमराईत एका बाकावर पंच्याऐंशीच्या घरातले एक काका एकटेच पट मांडून बसलेले दिसले. "काय पाव्हणं, बसताय?" मी बसलो. ऑफिसच्या कॅरम-बुद्धिबळ स्पर्धेत दोनदा उपविजेता होतो. म्हटलं, म्हाताऱ्याला फार लागेल असं हरवायचं नाही.

विसाव्या खेळीला माझा विजय पक्का झाला. त्यांचा राजा जागचा हललेला नव्हता, पुढ्यात त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी. पुढच्या खेळीला माझा हत्ती शेवटच्या रांगेत उतरणार आणि मात! तेवढ्यात काकांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून प्याद्यांच्या पलीकडे ठेवला.

"काका, हा राजा आहे!"

"मग? एकदा उडतो तो. आधी शह बसला नसला तर."

ही देशी पद्धत. त्यात किल्लेकोट नाही, प्यादं पहिल्यांदाही एकच घर सरकतं. "सुलतान खान ह्याच पद्धतीनं शिकला, अन् १९२९ साली विलायतेत जाऊन तिकडची अजिंक्यपद स्पर्धा जिंकला," हे वर. आता सुलतान खानापुढे आपण काय बोलणार?

रात्री पडल्या पडल्या तोड सापडली: शह बसला की उडी संपली. म्हणजे आधी शह द्यायचा! दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच खेळीला माझ्या उंटानं त्यांच्या राजाशेजारचं प्यादं मारून शह दिला. काकांनी शांतपणे राजानंच उंट खाल्ला. उडी गेली त्यांची, उंट गेला माझा. तो डाव मी बारा खेळ्यांच्या आत हरलो. दूधवाला मागे उभा राहून "च्-च्" करत होता, ते वेगळंच.

पाच महिने असेच गेले. अजून मला त्यांचं नाव माहीत नाही, त्यांना माझं नाही. मी काका म्हणतो, ते पाव्हणं म्हणतात. बायको विचारते, "इतक्या लगबगीनं कोणाला भेटायला जाता?" उत्तर देता येत नाही.

परवा मात्र दिवस माझा होता. सुरुवातीलाच फुकटात एक शह मिळाला, उडी बाद. मग हत्ती खाल्ला, वजीर खाल्ला, एकेक करून सगळं खाल्लं. त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. माझ्याकडे वजीर आणि दोन्ही हत्ती. मात दोन खेळ्यांवर होती. पण पाच महिन्यांचा राग होता, म्हणून आधी ते प्यादंही उचललं.

काकांनी टाळी वाजवली. "बुर्जी!"

"म्हणजे?"

"राजा एकटा उरला की बुर्जी. डाव बरोबरीत." आणि डबीतून सोंगट्या पुन्हा मांडत म्हणाले, "शेवटचं प्यादं कधी खायचं नसतं, पाव्हणं. घ्या, आज पांढरी तुमची."