कोलकात्याच्या पर्समधले १२ कोटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

२०२५ च्या आयपीएल लिलावासाठी कोलकात्याकडे ५१ कोटी उरले आणि धोनी अनकॅप्ड ठरला, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"२०२५ च्या लिलावाआधी कोलकात्याने सहा खेळाडू ५७ कोटींत ठेवले. १२० मधून ५७ गेले की ६३ उरतात. तुम्ही ५१ लिहिलंय. आधी वजाबाकी शिका, मग लोकांना लिलाव शिकवा. धोनी अनकॅप्ड हे तर हास्यास्पदच. आणि तुमचा तक्ता मोबाइलवर अर्धा कापला जातो."

नमस्कार. तक्त्याचं तुमचं म्हणणं रास्त आहे, आता तो मोबाइलवर नीट दिसेल.

बाकी "वजाबाकी शिका" हे काही पटलं नाही. आकडा खटकला तर "५१ कसे आले?" एवढं विचारता आलं असतं. आमच्या सिंहगड रोडवरच्या सोसायटीत टेनिस बॉल लीगचा लिलाव होतो, त्याचा हिशेब वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. खेळाडू घेताना टाळ्या पडतात आणि रात्री अकराला पॉइंट जुळत नाहीत म्हणून फोन मात्र मला येतात. गहुंजेला पुण्याच्या नावाच्या दोन टीम आल्या नि गेल्या, त्या काळातही पर्सच्या, म्हणजे टीमने खेळाडूंवर खर्चायच्या ठरलेल्या रकमेच्या, बातम्या मी वहीत उतरवून घ्यायचो. तेव्हा वजाबाकीचा धडा नको, कृपया.

आता ५१. तुमची अडचण अशी आहे की तुम्ही खेळाडूला मिळणारे पैसे आणि पर्समधून कापले जाणारे पैसे एकच धरलेत. रिटेन्शनमध्ये, म्हणजे लिलावाआधी आपले जुने खेळाडू ठेवून घेताना, ते वेगळे असू शकतात. त्या लिलावासाठी प्रत्येक टीमची पर्स १२० कोटींची होती आणि कॅप्ड, म्हणजे देशाकडून खेळलेले, खेळाडू ठेवण्याचे दर आधीच ठरले होते. पहिल्याला १८ कोटी, दुसऱ्याला १४, तिसऱ्याला ११, चौथ्याला पुन्हा १८ आणि पाचव्याला पुन्हा १४. अनकॅप्ड असेल तर ४. चौथ्याला दर परत वर का चढतो? तीनवर थांबा, चौथा ठेवायचाच असेल तर जास्त मोजा, असा त्याचा सरळ अर्थ.

कोलकात्याने चार कॅप्ड ठेवले. रिंकूला १३ कोटी, वरुण, नरीन आणि रसेलला प्रत्येकी १२. हे झाले ४९. हर्षित राणा आणि रमणदीप अनकॅप्ड, प्रत्येकी ४, म्हणून तुमचे ५७. इथपर्यंत तुम्ही बरोबर आहात. पण चार कॅप्ड खेळाडूंचा ठरलेला दर १८, १४, ११, १८ असा एकूण ६१ होतो. खेळाडूंना दिलेली रक्कम आणि ठरलेला दर यांत जी मोठी असेल ती पर्समधून कापायची, असा नियम होता. म्हणून ४९ नाही, ६१ कापले गेले, वर अनकॅप्डचे ८. एकूण ६९. उरले ५१.

मधले १२ कोटी कोणाला मिळाले? कोणालाच नाही. मालकाच्या खिशातून ते गेले नाहीत, पण लिलावात बोली लावायलाही मिळाले नाहीत. असं नसतं तर खेळाडूशी संगनमत करून कागदावर कमी पगार दाखवायचा आणि वाचलेल्या पर्सवर दुसऱ्याला उचलायचं, हा उद्योग सगळ्यांनी केला असता. आमच्या सोसायटीत तो झालाय, म्हणून सांगतो.

उलट बाजू लखनौमध्ये दिसते. त्यांचे तीन कॅप्ड, म्हणजे दर ४३. त्यांनी पूरनला २१ आणि बिश्नोई, मयंक यादवला ११-११ दिले. बेरीज बरोबर ४३. पहिल्याचा दर १८ असताना पूरनला २१ कसे, हेही लोक विचारतात. आतली वाटणी टीमची मर्जी, बघायची फक्त एकूण बेरीज. लखनौचा रुपया वाया गेला नाही, कोलकात्याचे १२ कोटी बोलीसाठी बाद झाले. पुढे कोलकात्याने वेंकटेश अय्यरसाठी २३.७५ कोटी मोजले. म्हणजे ५१ मधला जवळजवळ निम्मा भाग एकाच खेळाडूवर, तोही आदल्या मोसमातला स्वतःचाच. सहाही जागा रिटेन्शनमध्ये भरल्यामुळे त्यांच्याकडे दुसऱ्याने लावलेल्या बोलीवर आपला जुना खेळाडू परत घ्यायचं आरटीएम कार्डच उरलं नव्हतं, म्हणून भर लिलावात बोली लावत बसावं लागलं. ६३ असते तर कदाचित इतकं घासावं लागलं नसतं, पण ते नव्हते, तुम्ही कितीही ठणकावून लिहिलंत तरी.

धोनीचं थोडक्यात. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामन्यात अंतिम अकरात नसलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड धरायचा, असा नियम होता. त्याचा शेवटचा सामना जुलै २०१९ चा. म्हणून चेन्नईला तो ४ कोटींत ठेवता आला. हास्यास्पद वाटत असेल तर बीसीसीआयला कळवा, नियम मी केलेला नाही.